सहीच नाही, मग अनुसमर्थन कसले?

‘विषय : महिलांवरील भेदभाव निर्मूलन कराराच्या ऐच्छिक प्रोटोकॉलचे अनुसमर्थन करणेबाबत.’ वर्ध्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी मंडळाने केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाला पत्र लिहायला घेतले, तर विषयाची ओळ बहुधा अशीच उतरेल. आणि पहिली चूकही याच ओळीत होईल. अनुसमर्थन म्हणजे आधी केलेल्या सहीवर शिक्कामोर्तब. मूळ करारावर, म्हणजे सीडॉवर, भारताने ३० जुलै १९८० रोजी सही केली आणि ९ जुलै १९९३ रोजी त्याचे अनुसमर्थन केले. त्याला जोडलेल्या ऐच्छिक प्रोटोकॉलवर मात्र भारताची सही कधी झालीच नाही. तेव्हा मागणी करायची ती ‘सही करून अनुसमर्थन करा’ अशी, नाहीतर ‘थेट सामील व्हा’ अशी. दोन्ही वाटा प्रोटोकॉलमध्ये खुल्या आहेत. विषयाची ओळच चुकली, तर मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याला पुढचे पान उलटण्याची गरज उरत नाही.

शब्दाची ही चूक किरकोळ वाटेल. पण या प्रश्नावर गेल्या पंचवीस वर्षांत जी निवेदने निघाली, त्यांतली बरीचशी अशाच ढिलेपणामुळे वाया जाऊ शकतात. नेमके काय मागायचे, कोणाकडे मागायचे आणि मिळाले तर हाती काय येणार, या तीन प्रश्नांची उत्तरे पत्र लिहिण्याआधी मिळवायला हवीत. या लेखात त्यांचाच आढावा घेतला आहे.

दार कोणते, आणि किती

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क करारांची रचना दुमजली आहे. खालच्या मजल्यावर करार असतो. त्यात देश वचने देतो आणि ठरावीक वर्षांनी समितीला अहवाल पाठवतो. वरच्या मजल्यावर व्यक्तीच्या तक्रारीची सोय असते. देशाने वचन मोडले आणि देशातले सगळे दरवाजे ठोठावूनही दाद मिळाली नाही, तर त्या एका माणसाला समितीकडे लेखी तक्रार करता येते. हा वरचा मजला ऐच्छिक आहे. देश स्वतंत्रपणे हो म्हणेपर्यंत त्याचे दार बंदच राहते.

नागरी व राजकीय हक्कांचा करार आणि आर्थिक, सामाजिक हक्कांचा करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला. बालहक्कांचा १९९२ मध्ये, स्त्रियांचा १९९३ मध्ये, अपंग व्यक्तींचा २००७ मध्ये. यांतल्या प्रत्येकाला तक्रारीचा मजला आहे आणि भारत एकाही मजल्यावर चढलेला नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही झाली, पण तो मूळ करारच अजून अनुसमर्थनाविना पडून आहे.

याचा परिणाम काय होतो, ते एका उदाहरणातून दिसते. २०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या सोळा मुलामुलींनी हवामान बदलाबाबत बालहक्क समितीकडे तक्रार केली. त्यांत उत्तराखंडची रिद्धिमा पांडेही होती. तक्रार होती अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान या पाच देशांविरुद्ध. भारतीय मुलीला जर्मनीविरुद्ध तक्रार करता आली. स्वतःच्या देशाविरुद्ध तीच तक्रार करायची म्हटली असती तर दारच नव्हते, कारण बालहक्कांच्या तक्रार प्रोटोकॉलमध्ये भारत सामील नाही. २०२१ मध्ये समितीने ती तक्रार दाखल करून घ्यायला नकार दिला. त्या-त्या देशांतली न्यायालये आधी गाठलेली नाहीत, हे त्याचे कारण. या कारणाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

या सगळ्यांतून एकच प्रोटोकॉल निवडायचा, तर वर्ध्याच्या विद्यार्थ्यांनी स्त्रियांचा का निवडावा? त्याचे उत्तर विदर्भाच्या इतिहासात आहे.

देसाईगंज ते दिल्ली

मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, म्हणजे तिची संमती असावी, असा त्या निकालाचा रोख होता. मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखले जाते.

त्या निकालानंतर तिच्यासाठी देशात एकही दरवाजा उरला नव्हता. पुढे जे घडले ते एका पत्रामुळे. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निकाल बदलला नाही. पण त्या पत्रातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पोलीस कोठडीत अत्याचार झाल्यास, स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले की न्यायालयाने तेच गृहीत धरावे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली.

कायदा बदलला, त्या मुलीला मात्र काही मिळाले नाही. ऐच्छिक प्रोटोकॉल नेमका याच फटीसाठी आहे. शेवटचे न्यायालय चुकते, किंवा वर्षानुवर्षे काही बोलतच नाही, तेव्हा त्या एका बाईच्या नावाने देशाला लेखी उत्तर द्यावे लागावे, एवढीच त्याची मूळ कल्पना आहे.

आणि ही कल्पना परकी नाही. मानवी हक्कांचा जाहीरनामा घडत असताना, डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हात मानवी हक्क आयोगाने अंमलबजावणीच्या प्रश्नावर एक गट नेमला होता. त्याच्या अध्यक्षा होत्या भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता, मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्याच. केवळ सरकारांनाच नव्हे तर व्यक्तींनाही तक्रार करता यावी, अशी त्या गटाची भूमिका होती. पत्रात एकच ऐतिहासिक वाक्य घालायचे असेल, तर ते हे असावे.

तक्रार प्रत्यक्षात कशी चालते

सीडॉचा ऐच्छिक प्रोटोकॉल ६ ऑक्टोबर १९९९ रोजी संमत झाला आणि २२ डिसेंबर २००० पासून लागू आहे. शंभराहून अधिक देश त्यात आहेत. शेजारचे बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ आणि मालदीवही आहेत. त्याचे काम कसे चालते, हे कलमांपेक्षा एका प्रकरणातून नीट कळते. सेवाग्रामच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना तर ते लगेच उमगेल.

नोव्हेंबर २००२. ब्राझीलमध्ये रिओजवळ राहणारी २८ वर्षांची अलिन द सिल्वा पिमेंटेल सहा महिन्यांची गर्भवती होती. पोटात दुखते, मळमळते म्हणून ती एका खासगी आरोग्य केंद्रात गेली. तिला औषध देऊन घरी पाठवले. दोन दिवसांनी ती परत आली, तेव्हा गर्भाचे ठोके लागत नव्हते. कळा आणून मृत बाळ बाहेर काढले गेले. पण वार काढण्यासाठीची शस्त्रक्रिया झाली त्यानंतर चौदा तासांनी. रक्तस्राव होत राहिला, रक्तदाब घसरला. मोठ्या रुग्णालयात हलवायचे ठरले, तर वाहनासाठी आठ तास गेले. सोबत केसपेपर गेले नाहीत. जागा नाही म्हणून तिला बोळात ठेवण्यात आले. १६ नोव्हेंबरला ती गेली.

घरच्यांनी २००३ मध्ये दिवाणी दावा लावला. चार वर्षे त्याचा निकाल लागला नाही. २००७ मध्ये तिच्या आईने सीडॉ समितीकडे तक्रार केली.

पहिला प्रश्न दाखल करून घेण्याचा. देशातले उपाय संपवल्याशिवाय समिती तक्रार पाहत नाही. सोळा मुलांची तक्रार याच अटीवर अडली होती. पण चौथ्या कलमात अपवाद आहे. उपाय अकारण लांबत असेल किंवा त्यातून दाद मिळण्याची शक्यता नसेल, तर थांबावे लागत नाही. अलिनचा दावा वर्षानुवर्षे पडून होता, म्हणून तक्रार दाखल झाली. ब्राझीलचे म्हणणे असे की केंद्र खासगी होते, सरकारचा दोष काय? समितीने ते मानले नाही. आरोग्यसेवा खासगी हाती दिली तरी तिच्यावर देखरेख ठेवणे सरकारचेच काम, असे तिने म्हटले. २०११ मध्ये निर्णय आला : बाळंतपणातल्या सेवेचा हक्क डावलला गेला आणि तिच्या घरच्यांना न्यायालयातही वेळेत दाद मिळाली नाही. आईला भरपाई द्या आणि मातृआरोग्याची व्यवस्था सुधारा, अशा शिफारशी झाल्या. २०१४ मध्ये ब्राझील सरकारने आईला भरपाई दिली.

यातून दोन गोष्टी दिसतात आणि पत्रात दोन्ही प्रामाणिकपणे यायला हव्यात. एक, हे न्यायालय नव्हे. समिती कोणाला तुरुंगात घालत नाही, कुठल्याही न्यायालयाचा निकाल रद्द करत नाही. ती आपले मत व शिफारशी कळवते. दोन, तिची ताकद तारखांमध्ये आहे. तक्रार देशाला कळवली की सहा महिन्यांत लेखी खुलासा द्यावा लागतो. मत आल्यावर, काय केले याचे उत्तर पुन्हा सहा महिन्यांत द्यावे लागते. अलिनच्या मृत्यूला नऊ वर्षे होईपर्यंत तिच्या आईला देशात जे उत्तर मिळाले नव्हते, ते या प्रक्रियेमुळे मिळाले.

हा उपाय कशासाठी नाही, तेही स्पष्ट असावे. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले. वर्धा जिल्ह्यात आजही हा विषय निघाला की बोलणे थांबते. त्या प्रकरणात दोन वर्षांत खटला पुरा होऊन आरोपीला जन्मठेप झाली. शिक्षेपुरती तरी तिथे देशातली व्यवस्था चालली. त्या अंगाने समितीकडे जायला जागा नाही. संतापाच्या भरात असे प्रकरण पत्रात उदाहरण म्हणून घातले, तर मंत्रालयाला सोपे उत्तर सापडते : ‘न्याय तर झाला.’ उदाहरण हवे ते दाद न मिळालेल्या किंवा वर्षानुवर्षे रखडलेल्या प्रकरणाचे.

सरकारी बाजूचे तीन आक्षेप

या मागणीला सहसा तीन आक्षेप घेतले जातात. ते पत्रातच हाताळले, तर उत्तर देणाऱ्याचे काम अवघड होते.

पहिला आक्षेप असा की आपल्याकडे पुरेशी व्यवस्था आहे. कलम ३२ आणि २२६ आहेत, जनहित याचिका आहेत, राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आहे, महिला आयोग आहे. हे खरेच आहे. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सीडॉचाच आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. पण आयोगाचा कायदा वाचला की मर्यादा दिसते. मानवी हक्क आयोग घटनेनंतर एक वर्ष उलटल्यावर चौकशी करू शकत नाही, आणि त्याच्याही हाती शिफारशीच असतात. शिवाय देशातली व्यवस्था उत्तम असेल, तर ‘आधी देशातले उपाय’ या अटीवर जवळपास सगळ्या तक्रारी दारातच परत जातील. व्यवस्थेवर विश्वास असेल तर दार उघडायला भीती कशाची, हा युक्तिवाद पत्रात शांतपणे मांडता येतो.

दुसरा आक्षेप व्यक्तिगत कायद्यांचा. सीडॉचे अनुसमर्थन करताना भारताने कलम ५(अ) आणि १६ बाबत घोषणा जोडली : कोणत्याही समाजाच्या व्यक्तिगत बाबींत, त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय, हस्तक्षेप करणार नाही. प्रोटोकॉलला स्वतंत्र राखीव अटी घालता येत नाहीत, पण मूळ करारावरची ही घोषणा सामील झाल्याने आपोआप पुसली जात नाही. विवाह आणि वारशाच्या तक्रारी आल्या, तर या घोषणेचा अर्थ काय, यावर समितीत वाद होईल हे खरे. पण विद्यार्थ्यांनी तो वाद पत्रात ओढू नये. आरोग्य, नोकरी, पोलीस, न्यायालयातला विलंब हे विषय घोषणेबाहेरचे आहेत. पत्र त्यांवर उभे राहू शकते.

तिसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा, आणि तो सगळ्यांत गंभीर आहे. श्रीलंकेत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. १९९७ मध्ये श्रीलंकेने नागरी हक्कांच्या कराराचा तक्रार प्रोटोकॉल स्वीकारला. नल्लरत्नम सिंगरासा या तमिळ माणसाला एका कबुलीजबाबाच्या आधारे दीर्घ शिक्षा झाली होती. तो जबाब सिंहली भाषेत होता आणि त्याला ती लिपी वाचता येत नव्हती. त्या कराराच्या समितीने २००४ मध्ये त्याच्या बाजूने मत दिले. ते घेऊन तो सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २००६ मध्ये न्यायालयाने उलटाच निकाल दिला : संसदेला न विचारता राष्ट्राध्यक्षांनी प्रोटोकॉल स्वीकारणे म्हणजे परक्या संस्थेला न्यायदानाचा अधिकार देणे होते, देशात त्याला बळ नाही.

यातून भारतासाठी बोध सरळ आहे. इथेही करार करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे, पण कराराला देशात कायद्याचे बळ मिळते ते संसदेच्या कायद्याने. राज्यघटनेच्या कलम २५३ मध्ये तशी तरतूद आहे. म्हणून नुसते ‘सामील व्हा’ म्हणून थांबू नये. समितीचे मत आल्यावर देशात ते कोण हाताळेल, मंत्रालय, महिला आयोग की कायद्याने नेमलेली एखादी यंत्रणा, हेही त्याच दमात विचारावे. नेपाळमध्येही याच टप्प्यावर गाडी अडताना दिसली आहे : समिती मते देते, पण ती अमलात आणणारे ठरलेले टेबल नसते.

सार्वभौमत्वाच्या शंकेवर प्रोटोकॉलमध्येच दोन झडपा आहेत. कलम १० प्रमाणे सामील होतानाच, समितीने आपण होऊन करायच्या चौकशीतून बाहेर राहता येते. बांगलादेशने तेच केले. आणि कलम १९ प्रमाणे सूचना देऊन सहा महिन्यांत बाहेरही पडता येते. पत्रातली मागणी सावध ठेवायची असेल, तर ‘बांगलादेशप्रमाणे कलम १० चा पर्याय ठेवून का होईना’ असे म्हणता येते. काहींना ही तडजोड पटणार नाही. पण पहिले पाऊल पडायचे तर त्याला किंमत आहे.

दिल्लीतला प्रवास

प्रोटोकॉल स्वीकारायला संसदेचा ठराव लागत नाही. संबंधित मंत्रालय प्रस्ताव तयार करते, इतर मंत्रालयांची मते मागवते, मंत्रिमंडळासाठी टिपण जाते, मंजुरीनंतर परराष्ट्र मंत्रालयाचा कायदा व करार विभाग दस्तऐवज तयार करतो, त्यावर राष्ट्रपतींची सही होते आणि तो संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे जमा होतो. तीन महिन्यांनी प्रोटोकॉल भारताला लागू होतो. लागू होण्याआधीच्या घटना सहसा त्यात बसत नाहीत.

न्यायालयाची वाट इथे बंद आहे. छळविरोधी कराराच्या अनुसमर्थनासाठी सरकारला आदेश द्यावा, ही अश्वनी कुमार यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये मान्य केली नाही. हा निर्णय सरकार आणि संसदेचा आहे, असा त्याचा आशय होता. म्हणून पत्र मंत्रालयालाच लिहायला हवे. सचिव, महिला व बालविकास मंत्रालय, नवी दिल्ली. प्रत परराष्ट्र मंत्रालयाच्या कायदा व करार विभागाला आणि राष्ट्रीय महिला आयोगाला.

इथे एक फसगत हमखास होते. पत्राऐवजी ते सरकारच्या सीपीग्राम्स तक्रार पोर्टलवर टाकण्याचा मोह होतो, कारण तिथे लगेच नोंदणी क्रमांक मिळतो. पण त्या पोर्टलवर ‘सूचना’ हा तक्रारीचा विषय मानलाच जात नाही. धोरणाबद्दलचे निवेदन तिथे सूचना ठरते आणि प्रकरण बंद झाल्याचा संदेश येतो. त्यापेक्षा स्पीड पोस्टची पावती बरी.

पत्रानंतर उत्तर आले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. तो मंडळाच्या नावे नव्हे, एका नागरिकाच्या नावे करावा, कारण कायद्याने हा हक्क नागरिकाला दिला आहे. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. प्रश्न मजकुराबद्दल विचारले तर मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांचा अपवाद पुढे येईल. म्हणून तारखा विचाराव्यात : या प्रोटोकॉलवर शेवटची फाईल केव्हा उघडली, कोणकोणत्या मंत्रालयांकडून मत मागवले, त्यांची उत्तरे कोणत्या दिवशी आली. तारखा नाकारणे मजकूर नाकारण्याइतके सोपे नसते, आणि ‘एकदाही मत मागवलेले नाही’ असे उत्तर आले, तर पुढच्या पत्राचा मजकूर तयार झाला.

दोन पानांचे पत्र

विद्यार्थ्यांच्या पत्राने कधी काही हलते का? २०१९ मध्ये वानुआतूतल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी पॅसिफिक बेटांच्या नेत्यांना पत्रे लिहिली. मागणी एकच : हवामान बदलाबाबत देशांची कर्तव्ये काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारा. एका सरकारने, वानुआतूने, ती उचलली. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने मत दिले. त्यांच्या पत्रांत घोषणा कमी आणि मागणी नेमकी होती.

वर्ध्याच्या पत्रालाही दोन पाने पुरतील. पहिल्या परिच्छेदात मागणी : सीडॉच्या ऐच्छिक प्रोटोकॉलमध्ये सामील होण्यासाठी मंत्रिमंडळाचे टिपण तयार करावे. दुसऱ्यात कारण : देसाईगंज आणि अलिन, प्रत्येकी चार ओळी. तिसऱ्यात तीन आक्षेप आणि त्यांची उत्तरे. चौथ्यात अंमलबजावणीची यंत्रणा. खाली सह्या नाव, वर्ग आणि पत्त्यासह. प्रोटोकॉलही निनावी तक्रार घेत नाही, मग निवेदन तरी निनावी का असावे?

आणि शेवटची ओळ अशी : हा प्रस्ताव मंत्रालयाला मान्य नसल्यास त्याची कारणे सहा महिन्यांत लेखी कळवावीत. मुदत मुद्दाम सहा महिन्यांचीच. प्रोटोकॉल स्वीकारल्यावर एका बाईच्या तक्रारीवर जेवढ्या मुदतीत सरकारला उत्तर द्यावे लागेल, तेवढ्याच मुदतीत ते आज वर्ध्याच्या विद्यार्थ्यांना देता येते का, एवढे तरी त्यातून कळेल.